होस्टिंगच्या प्लॅनमधले शब्द: नवख्यांना पडणारे प्रश्न

होस्टिंग घ्यायला गेलं की समोर तीन-चार प्लॅन येतात आणि प्रत्येकाखाली तेच शब्द: स्टोरेज, बँडविड्थ, अपटाइम, कंट्रोल पॅनेल. आकडे तेवढे बदलतात. आमच्या छायाचित्र मंडळाची साइट काही वर्षं मी सांभाळतो आहे. सुरुवातीला या शब्दांचे अर्थ मला ठाऊक नव्हते. ते एकेक करून कळले, आणि बहुतेक वेळा काहीतरी बंद पडल्यावरच. म्हणून खालची बरीच उत्तरं त्याच एका साइटच्या हिशेबाने दिली आहेत.

होस्टिंग घेतलं म्हणजे नेमकं काय घेतलं? आणि डोमेन वेगळं का घ्यावं लागतं?

सतत चालू असणाऱ्या आणि कायम इंटरनेटला जोडलेल्या एका संगणकावरची थोडी जागा तुम्ही भाड्याने घेतलेली असते. त्या संगणकाला सर्व्हर म्हणतात. तुमच्या साइटच्या फाइली तिथे राहतात आणि कोणी पान मागितलं की सर्व्हर त्या पाठवतो. स्वस्त प्लॅनमध्ये त्याच सर्व्हरवर आणखी कित्येकांच्या साइट असतात. याला शेअर्ड होस्टिंग म्हणतात.

डोमेन म्हणजे फक्त नाव. ते एका ठिकाणी नोंदवून होस्टिंग दुसरीकडे घेता येतं. नावावरून सर्व्हरपर्यंत पोचायची वाट नेमसर्व्हर दाखवतात, म्हणून होस्टिंग घेतल्यावर कंपनी दोन नेमसर्व्हरची नावं देते आणि ती डोमेनच्या खात्यात भरायला सांगते. भरल्यावर साइट लगेच दिसली नाही तर घाबरू नका. जुनी माहिती ठिकठिकाणी काही काळ साठवलेली असते. ती बदलायला कधी काही मिनिटं लागतात, कधी एक-दोन दिवस.

स्टोरेजमध्ये काय काय मोजतात? फक्त साइटच्या फाइली ना?

नाही, आणि बहुतेकांचा घोळ इथेच होतो. प्लॅनवर १० जीबी लिहिलं असेल तर त्या १० जीबीत साइटच्या फाइली तर येतातच, शिवाय डेटाबेस, तुमच्या डोमेनवरच्या सगळ्या मेलबॉक्समधली पत्रं, सर्व्हरने लिहून ठेवलेल्या नोंदी म्हणजे लॉग आणि तुम्ही त्याच खात्यात काढून ठेवलेले बॅकअपही येतात. होस्टिंगचं खातं सांभाळायला सीपॅनेल नावाचं कंट्रोल पॅनेल असेल तर त्याच्या फाइल मॅनेजरमधून काढलेली फाइल सहसा आधी `.trash` नावाच्या फोल्डरमध्ये जाते. तो रिकामा करेपर्यंत ती जागा अडवूनच बसते.

मेलचा वाटा लोकांच्या लक्षात येत नाही. मेलला जोडलेली फाइल पाठवताना अक्षरांच्या रूपात बदलली जाते आणि त्यात ती साधारण एक तृतीयांशाने फुगते. म्हणजे ६ एमबीचा फोटो मेलमध्ये सुमारे ८ एमबीचा होतो. पाठवलेल्या पत्राची प्रतही त्याच खात्यात राहते, हे वेगळंच.

माझे फोटो सगळे मिळून अडीच जीबीसुद्धा नाहीत. मग १० जीबी भरले कसे?

हा प्रश्न एकदा मीच विचारला होता, तोही होस्टिंग कंपनीवर जरा चिडून. हिशेब मांडल्यावर राग निवळला.

आमच्या साइटवर ६०० फोटो होते, प्रत्येकी सरासरी ४ एमबी. म्हणजे २.४ जीबी. साइटचं सॉफ्टवेअर फोटो चढवला की त्याच्या लहान आकाराच्या प्रती आपणहून करून ठेवतं. त्या प्रती आणि बाकीच्या फाइली मिळून सुमारे ०.६ जीबी. झाले ३ जीबी. मंडळाच्या मेलबॉक्समध्ये ०.८ जीबी पत्रं होती. इथपर्यंत ३.८ जीबी, म्हणजे निम्म्याहून अधिक जागा मोकळी.

मग मी शहाणपणा करून दर आठवड्याला पूर्ण बॅकअप निघेल अशी सोय केली. बॅकअपची झिप फाइल होते, तेव्हा ती बरीच लहान असेल असं मी धरून चाललो होतो. पण जेपीईजी फोटो मुळातच दाबून लहान केलेला असतो, झिप त्याला आणखी फारसं दाबू शकत नाही. त्यामुळे ३ जीबीच्या साइटचा बॅकअपही जवळपास ३ जीबीचाच निघाला. पहिल्या आठवड्यानंतर ६.८ जीबी, दुसऱ्यानंतर ९.८. तिसरा बॅकअप अर्ध्यावर अडकला आणि जाताजाता उरलेली जागाही खाऊन गेला.

जागा संपल्यावर साइट लगेच नाहीशी होत नाही. जुनी पानं दिसत राहतात, त्यामुळे बिघाड पटकन ध्यानातही येत नाही. आधी नवा फोटो चढेनासा होतो. मग मेल येणं थांबतं. फॉर्म भरून पाठवला तर तो नोंदला जात नाही, कधी स्वतःच्या साइटमध्ये लॉगिनही होत नाही, कारण लॉगिनची नोंद लिहायलासुद्धा जागा लागते. एकमेकांशी संबंध नसलेल्या अशा दोन-तीन गोष्टी एकाच दिवशी बिघडल्या तर मी आता सर्वांत आधी स्टोरेजचा आकडा पाहतो.

उपाय साधा होता. बॅकअप आपल्या संगणकावर उतरवून घ्यायचा आणि सर्व्हरवरचा काढून टाकायचा. तसाही त्याच सर्व्हरवर ठेवलेला बॅकअप सर्व्हर गेला की त्याच्यासोबतच जातो.

जागा शिल्लक दिसते, तरी फाइल चढत नाही. असं का?

बहुधा आयनोडची मर्यादा संपली असेल. प्रत्येक फाइल आणि प्रत्येक फोल्डर एकेक आयनोड वापरतो, मग फाइल केवढीही असो. ३ जीबीची बॅकअप फाइल आयनोडच्या हिशेबात एकच, पण एक-एक केबीच्या दहा हजार फाइली म्हणजे दहा हजार आयनोड. शेअर्ड होस्टिंगमध्ये याला मर्यादा असते. ती प्लॅनच्या मोठ्या अक्षरांत सहसा नसते, अटींच्या पानावर सापडते.

लहान फाइलींचे ढीग दोन ठिकाणी साठतात: पानं लवकर दिसावीत म्हणून सॉफ्टवेअरने करून ठेवलेल्या कॅशच्या फोल्डरमध्ये आणि मेलबॉक्समध्ये, कारण बऱ्याच सर्व्हरांवर प्रत्येक पत्र ही स्वतंत्र फाइल असते. कॅश बिनधास्त रिकामा करा, तो पुन्हा तयार होतो. मेलचं मात्र पाहून ठरवा.

बँडविड्थ म्हणजे वेग की डेटा? दोन ठिकाणी दोन अर्थ वाचले.

दोन्ही अर्थ चालतात, म्हणून गोंधळ होतो. नेटवर्कच्या मूळ भाषेत बँडविड्थ म्हणजे एका सेकंदात जास्तीत जास्त किती डेटा जाऊ शकतो ते. होस्टिंगच्या प्लॅनमध्ये मात्र ‘बँडविड्थ ५० जीबी’ असं लिहिलं असेल तर त्याचा अर्थ महिन्याभरात एकूण ५० जीबी डेटा ये-जा करू शकेल असा. काही कंपन्या त्यालाच डेटा ट्रान्सफर म्हणतात, आणि तो शब्द जास्त प्रामाणिक आहे. मोबाईलच्या डेटा पॅकचा विचार करा. पॅकमध्ये किती जीबी आहेत ही एक गोष्ट आणि नेट किती वेगाने चालतं ही दुसरी. प्लॅनवरचा आकडा पहिल्या गोष्टीचा असतो.

आकड्यापुढचं एकक पाहिलं की अर्थ लगेच कळतो. नुसतं जीबी किंवा टीबी असेल तर महिन्याचा डेटा. एमबीपीएस किंवा जीबीपीएस असेल तर वेग. वेगाच्या एककातला ‘बी’ हा बिटचा असतो आणि फाइलीच्या आकारातला बाइटचा. ८ बिट म्हणजे १ बाइट, म्हणून १०० एमबीपीएसच्या जोडणीवरून सेकंदाला १०० नव्हे, १२.५ एमबीची फाइल उतरते.

मला किती बँडविड्थ लागेल हे कसं काढायचं?

एका भेटीत किती एमबी उतरतात ते काढायचं, त्याला रोजच्या भेटींनी गुणायचं आणि मग ३० ने. एवढंच गणित आहे.

पुन्हा आमचीच साइट घेऊ. मुखपृष्ठावर १२ फोटोंचा स्लाइड शो होता आणि ज्याने तो बसवला त्याने कॅमेऱ्यातून आलेले मूळ फोटोच त्याला जोडले होते. (तो मीच होतो.) १२ फोटो, प्रत्येकी ४ एमबी, म्हणजे ४८ एमबी. पानाचं बाकीचं सामान २ एमबी. एका भेटीला ५० एमबी. दिवसाला ४० जण येत, म्हणजे रोज २,००० एमबी, साधारण २ जीबी. महिन्याला ६० जीबी. आमच्या प्लॅनमध्ये होते ५० जीबी, म्हणजे २५ तारखेच्या रात्री ते संपणार हे ठरलेलंच होतं. ४० माणसांनी प्लॅन संपवला यावर मंडळात कोणाचा विश्वास बसेना. प्रत्येकाचं मत एकच, कोणीतरी साइट हॅक केली असणार.

स्क्रीनवर पाहायला ४ एमबीचा फोटो लागतच नाही. मी तेच १२ फोटो १६०० पिक्सेल रुंदीचे करून पुन्हा चढवले, प्रत्येक सुमारे ३०० केबीचा झाला. आता फोटोंचे ३.६ एमबी आणि बाकीचे २, असं पान ५.६ एमबीचं. रोजच्या ४० भेटींचे २२४ एमबी, महिन्याचे ७ जीबीच्या आत. प्लॅन तोच ठेवला.

यात वेगाचा फायदा आपोआप झाला. पाहणाऱ्याकडे २० एमबीपीएसची जोडणी असेल तर ५० एमबी उतरायला २० सेकंद लागतात. तितका वेळ कोण थांबतं? ५.६ एमबीला सव्वादोन सेकंद पुरतात.

हे गणित ढोबळ आहे. जो परत येतो त्याच्या ब्राउझरने फोटो साठवलेले असतात, त्यामुळे त्याच्या दुसऱ्या भेटीला कमी डेटा लागतो. उलट सर्च इंजिनांचे आणि इतरांचे बॉट सतत पानं वाचत फिरतात, त्यांचाही डेटा तुमच्याच खात्यावर पडतो. एखाद्याने त्याच्या साइटवर तुमच्या फोटोचा थेट पत्ता लावला, तर फोटो त्याच्या पानावर दिसतो आणि डेटा तुमचा जातो. याला हॉटलिंकिंग म्हणतात, आणि ते अडवायची सोय बहुतेक पॅनेलमध्ये असते. म्हणून हिशेबाने जेवढं येईल त्याच्या दीडपट-दुप्पट धरावं.

बँडविड्थ संपली की काय होतं?

कंपनीनुसार बदलतं. कोणी साइट महिना संपेपर्यंत थांबवतं, कोणी वेग कमी करतं, कोणी वरच्या वापराचे वेगळे पैसे लावतं. तिसरा प्रकार असेल तर घेण्याआधीच कळलेला बरा. साइट थांबवली असेल तर पानाऐवजी बऱ्याचदा हे दिसतं:

```
509 Bandwidth Limit Exceeded
```

याच्यासारखाच आणखी एक संदेश आहे, `508 Resource Limit Is Reached`. लोक दोन्हींत गल्लत करतात. ५०८ चा बँडविड्थशी संबंध नाही. तुमच्या खात्याला वाटून दिलेली प्रोसेसरची ताकद, मेमरी किंवा एकाच वेळी चालणाऱ्या कामांची संख्या त्या क्षणी संपली, असा त्याचा अर्थ. तो बहुधा थोड्या वेळाने आपोआप जातो. ५०९ मात्र नवा महिना सुरू होईपर्यंत किंवा मर्यादा वाढवेपर्यंत हलत नाही.

‘अनलिमिटेड’ प्लॅन घेतला तर हा सगळा हिशेब टळेल का?

अर्धाच. कोणतीही डिस्क अमर्याद नसते. अनलिमिटेडचा अर्थ एवढाच की जीबीचा ठराविक आकडा लावलेला नाही. आयनोडची, प्रोसेसरची आणि मेमरीची मर्यादा असतेच, आणि अटींमध्ये ‘योग्य वापर’ अशा अर्थाचं एक कलम असतं. साइटवर फाइलींचं गोदाम किंवा व्हिडिओंचा साठा करू नये, असं त्यात बहुधा सापडतं. लहान साइटला हा प्लॅन चालतो. पण मला विचाराल तर आकडा लिहिलेला प्लॅन बरा, भांडायला काहीतरी हातात असतं.

अपटाइम ९९.९ टक्के म्हणजे जवळपास कधीच बंद नाही, असंच ना?

३० दिवसांच्या महिन्यात ४३,२०० मिनिटं असतात. त्यातलं ०.१ टक्का म्हणजे ४३ मिनिटं. महिन्याला पाऊण तासाच्या आसपास साइट बंद राहिली तरी कंपनीने शब्द पाळला असंच धरतात. ९९ टक्के ऐकायला तितकंच छान वाटतं, पण तिथे महिन्याचे सात तास बारा मिनिटं जातात. ९९.९९ टक्के असेल तर चार मिनिटांच्या थोडं वर. दशांश चिन्हानंतरचा एकेक नऊ बंद राहण्याची वेळ दहा पटीने कमी करतो, म्हणून या आकड्यात शेवटचा नऊ पाहायचा असतो.

मग साइट त्याहून जास्त वेळ बंद राहिली तर भरपाई मिळते?

हमी काय शब्दांत दिली आहे ते वाचावं लागतं. आधी सांगून केलेली दुरुस्ती बहुतेक ठिकाणी त्यात धरत नाहीत. भरपाई सहसा पुढच्या बिलातल्या सवलतीच्या रूपात मिळते, तीही तुम्ही ठराविक मुदतीत मागितली तर. साइट बंद असताना तुमचं जे नुकसान झालं असेल त्याच्याशी या रकमेचा संबंध नसतो.

आणखी एक मेख आहे. अपटाइम मोजतात तो सर्व्हरचा, तुमच्या साइटचा नव्हे. तुम्ही एखादं प्लगइन अद्ययावत केलं आणि साइट कोसळली, तरी सर्व्हर चालूच आहे. आमची साइट एकदा पूर्ण दोन दिवस अशीच बंद होती आणि कंपनीच्या नोंदीप्रमाणे त्या महिन्याचा अपटाइम शंभर टक्के होता. त्यांचं बरोबरच होतं, मी फाइल चुकीची बदलली होती.

साइट उघडत नाही. चूक सर्व्हरची, साइटची की माझ्या नेटची, कसं ओळखू?

आधी वाय-फाय बंद करून मोबाईलच्या डेटावर साइट उघडून पाहा. उघडली तर अडचण तुमच्या जोडणीत आहे. दोन्हीकडे उघडली नाही तर कंट्रोल पॅनेल उघडतं का ते पाहा, कारण शेअर्ड होस्टिंगमध्ये ते सहसा त्याच सर्व्हरवर असतं. पॅनेलही उघडत नसेल तर सर्व्हर किंवा त्याचं नेटवर्क बंद असण्याची शक्यता जास्त. पॅनेल उघडतंय, पण साइटवर `500` असा आकडा किंवा नुसतं पांढरं पान दिसतंय, तर बिघाड बहुधा साइटच्या आत आहे. अशा वेळी साइटच्या फोल्डरमधली `error_log` नावाची फाइल उघडून तिच्या अगदी शेवटच्या ओळी वाचा. कुठल्या फाइलच्या कितव्या ओळीवर गाडी अडली ते बऱ्याचदा तिथे लिहिलेलं असतं. त्या ओळी समजल्या नाहीत तरी जशाच्या तशा कॉपी करून कंपनीला पाठवा. ‘साइट चालत नाही’ एवढ्या तक्रारीपेक्षा त्यावर लवकर उत्तर येतं.

कंट्रोल पॅनेल आणि वर्डप्रेसचा डॅशबोर्ड एकच का?

नाही. डॅशबोर्डमध्ये साइटचा मजकूर असतो: लेख, फोटो, रंगरूप. ती साइट ज्या जागेवर उभी आहे त्या जागेचा कारभार कंट्रोल पॅनेलमध्ये असतो. मेलचा नवा पत्ता काढणं, डेटाबेस तयार करणं, बॅकअप उतरवून घेणं, साइटचा पत्ता `https` ने उघडावा म्हणून लागणारं एसएसएल प्रमाणपत्र बसवणं ही कामं तिथली. दोन्हींचे पासवर्ड वेगळे असतात. डॅशबोर्ड बंद पडला तरी पॅनेल चालतं, म्हणून त्याचा पासवर्ड डॅशबोर्डच्या पासवर्डइतकाच जपा.

सीपॅनेल, प्लेस्क आणि डायरेक्टअॅडमिन ही नावं जास्त भेटतात, शिवाय काही कंपन्यांनी स्वतःचं पॅनेल केलेलं असतं. चेहरा वेगळा असला तरी आतली कामं तीच. सीपॅनेल बहुधा डोमेनपुढे `:2083` लावून उघडतं. साइटच्या फाइली त्यात `public_html` फोल्डरमध्ये असतात, प्लेस्कमध्ये त्याच फोल्डरचं नाव `httpdocs` असतं. तुमची पानं या फोल्डरच्या बाहेर चढवली तर ती कोणालाच दिसणार नाहीत. नवख्यांची पहिली चूक हमखास हीच असते.

पॅनेलमध्ये रोज काय पाहायचं?

रोज काहीच नाही. महिन्यातून एकदा दोन आकडे पुरतात. सीपॅनेलमध्ये `Disk Usage` आणि `Bandwidth` अशी दोन पानं आहेत. पहिल्यात कुठल्या फोल्डरने किती जागा घेतली ते दिसतं, दुसऱ्यात वेब आणि मेलचा वापर वेगवेगळा दिसतो. आमचा बॅकअपचा घोळ मला पहिल्या पानावर एका मिनिटात सापडला असता.

पॅनेलमध्ये चुकून काही उडवलं तर परत येतं का?

फाइल मॅनेजरमधून काढलेली फाइल `.trash` मध्ये असेल तर तिथून परत आणता येते. काढताना कचऱ्यात न टाकता थेट पुसण्याचा पर्याय निवडला असेल तर नाही. `phpMyAdmin` मधून डेटाबेसचा तक्ता उडवला तर त्याला कचरापेटी नसते, बॅकअपच हवा. कंपनीकडे तिचा स्वतःचा बॅकअप असू शकतो, पण तो किती दिवस ठेवतात आणि परत आणायचे पैसे घेतात का, हे त्यांना आजच विचारून ठेवा.